एकर, गुंठा, आर : परदेशी खरेदीदारांसाठीच्या एका जाहिरातीचा अनुवाद

धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा महामार्गापासून आत असलेल्या एका लेआउटमधले प्लॉट विकायचे होते. विकणाऱ्यांनी परदेशातल्या खानदेशी मंडळींसाठी इंग्रजीत एक संदेश तयार करून घेतला होता आणि त्याचं मराठी करायला तो माझ्याकडे आला. दीड पानाचा मजकूर. त्यातला अर्धा भाग रस्ते, वीज, पाणी असा नेहमीचा होता, तो लवकर उरकला. उरलेल्या अर्ध्या भागात परदेशी वाचकाला गुंठा म्हणजे किती, एकर म्हणजे किती, हे समजावून सांगितलं होतं. माझा खरा वेळ गेला तो या अर्ध्या भागात.

टेक्सासला, दुबईला, जर्मनीला गेलेली आपली मुलं इंग्रजी वाचतात, मग मराठी कोणासाठी, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. विकणाऱ्यांचं उत्तर मला पटलं. पैसे मुलगा पाठवतो, पण जागा बघायला जाणारा, आजूबाजूला चौकशी करणारा आणि शेवटी हो किंवा नाही म्हणणारा माणूस इथे पारोळ्याला, शिरपूरला नाहीतर दोंडाईच्याला असतो. तो बाप असतो, मोठा भाऊ असतो, कधी सासरे असतात. मुलाच्या फोनवर इंग्रजी संदेश आणि बापाच्या फोनवर मराठी, आणि दोघं रात्री व्हिडिओ कॉलवर त्यावर बोलणार. म्हणजे एकाच जमिनीबद्दल दोन माणसं दोन मजकूर वाचणार होती. हे कळल्यावर माझी पहिली अट स्वतःशीच ठरली: दोघांच्या डोळ्यांसमोर एकच जमीन उभी राहिली पाहिजे.

इंग्रजी मजकुरात मापाचे आकडे मुख्यतः तीन होते. पूर्ण लेआउट 162 गुंठ्यांचा. प्रत्येक प्लॉट दीड गुंठ्याचा, म्हणजे 1633 चौरस फुटांचा. आणि शेजारीच लागून 2.20 एकर शेतजमीन, फार्महाउससाठी उत्तम. शिवाय समजावणीचं वाक्य होतं की एक एकर म्हणजे साधारण एक फुटबॉलचं मैदान.

अनुवाद करताना आकडा जसाच्या तसा उचलायचा, असं बरेच जण मानतात. जमिनीच्या बाबतीत मी तसं करत नाही. आकडा शब्दासारखाच असतो, त्याचा अर्थ त्याच्या एककावर ठरतो, आणि एकक चुकलं तर पूर्ण वाक्य खोटं ठरतं. म्हणून मी कागद मागवले: बिनशेती परवानगीचा आदेश, जमीन शेती असतानाचा जुना सातबारा, एका प्लॉटचा आताचा सातबारा, आणि शेजारच्या शेताचा सातबारा. विकणाऱ्यांनी कुरकुर न करता व्हॉट्सॲपवर पाठवले.

कागद घेऊन मी आमच्या गल्लीतल्या नानांकडे गेलो. नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी चष्मा लावला, संदेशातला 162 गुंठे हा आकडा बोटाने दाखवला आणि अहिराणीत विचारलं, “हाऊ आकडा कोठून उना?”

तो कुठून आला हे जुन्या सातबाऱ्यावर दिसत होतं. तिथे क्षेत्र होतं 1.62.00. शेतीच्या सातबाऱ्यावर हे तीन भाग हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे वाचायचे असतात: एक हेक्टर, बासष्ट आर, शून्य चौरस मीटर. एका हेक्टरचे शंभर आर, म्हणजे हे झाले 162 आर. आपल्याकडे बोलताना आर आणि गुंठा एकच धरायची पद्धत पक्की रुजली आहे. चावडीवर, बाजार समितीत, पीककर्जाच्या रांगेत, सगळीकडे. इंग्रजी लिहिणाऱ्याला कोणीतरी तेच सांगितलं असणार, आणि 162 आरांचे 162 गुंठे झाले.

नानांनी मला या दोन मापांचा मूळ हिशेब नीट समजावला, तो इथे देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात जमीन मोजली गेली ती 33 फुटी साखळीने. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा. 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर, 43,560 चौरस फूट. म्हणजे गुंठा आणि एकर हे दोघं एकाच घरातले, फुटांच्या घरातले. आर मात्र मीटरच्या घरातला. दहा मीटर गुणिले दहा मीटर, शंभर चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर 1076.39 चौरस फूट. गुंठा मीटरमध्ये मोजला तर 101.17 चौरस मीटर भरतो. दोन्हींत फरक आहे तो जेमतेम सव्वा टक्क्याच्या आतला, पण गुंठा मोठा आणि आर लहान, हे कायम.

आता 16,200 चौरस मीटरला 101.17 ने भागा. उत्तर येतं 160.12 गुंठे, म्हणजे चार एकर आणि वर नखभर. मी नानांना म्हटलं, जुनं खरेदीखत मिळालं तर बरं होईल. ते विकणाऱ्यांच्या फायलीत होतंच. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: चार एकर शून्य गुंठे. सगळं जुळलं. चार एकरांचे 16,187 चौरस मीटर होतात. पुढे दशमान पद्धत आली, नोंदी एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरांत गेल्या, तेव्हा ते जवळच्या पूर्ण आरावर येऊन 1 हेक्टर 62 आर झाले. जमीन तीच राहिली. मग आमच्या संदेशात ती पुन्हा गुंठ्यांत आणताना 162 झाली, आणि कोणाच्याही बांधाला धक्का न लागता जवळपास दोन गुंठे कागदावर वाढले. सुमारे 1.88 गुंठे, म्हणजे 2043 चौरस फूट. त्या लेआउटमधल्या एका अख्ख्या प्लॉटपेक्षा जास्त.

खूण लक्षात ठेवायला सोपी आहे. कोणत्याही जाहिरातीत गुंठ्यांचा आकडा आणि सातबाऱ्यावरचा आरांचा आकडा तंतोतंत सारखा दिसला, तर रूपांतर झालेलंच नाही. हेक्टरमागे गुंठे आरांपेक्षा एकाहून थोडे जास्त कमी यायला हवेत: शंभर आरांचे 98.84 गुंठे. लहान तुकड्यात हा फरक झाकला जातो. मोठ्या क्षेत्रात तो उघडा पडतो.

पण घेणारा तर प्लॉट घेणार, पूर्ण लेआउट नाही. मग 162 की 160 याने त्याला काय फरक पडतो? म्हणून आम्ही प्लॉटचा सातबारा उघडला. बिनशेती झालेल्या जमिनीच्या नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर एकक वेगळं असतं. शेतीला हेक्टर, आर, चौरस मीटर. बिनशेतीला फक्त आर आणि चौरस मीटर. त्यावर क्षेत्र होतं 1.50. ज्या शेतकरी बापाने आयुष्यभर शेतीचा सातबारा पाहिला आहे तो हे एक हेक्टर पन्नास आर असं वाचेल, आणि एवढ्याशा किमतीत पावणेचार एकर कसे, म्हणून बुचकळ्यात पडेल. प्रत्यक्षात ते आहे एक आर पन्नास चौरस मीटर. दीडशे चौरस मीटर.

आणि इथेच दीड गुंठा कुठून आला तेही कळलं. दीड आराचा दीड गुंठा झाला. त्यावरून कोणीतरी 1089 ला दीडने गुणून 1633 चौरस फूट काढले. गणित बिनचूक, पण सुरुवातच दुसऱ्या एककापासून. दीडशे चौरस मीटरचे होतात 1614.6 चौरस फूट. फरक एकोणीस चौरस फुटांचा.

एकोणीस फूट म्हणजे काहीच नाही, असं मला विकणाऱ्यांकडच्या तरुणाने फोनवर सांगितलं. मी त्याला हिशेब करून दाखवला. समजा दर चौरस फुटाला पंधराशे रुपये. एकोणीस फुटांचे 28 हजारांच्या वर होतात. परदेशातला माणूस 1633 फुटांचे पैसे मोजतो आणि खरेदीखतावर मात्र 150 चौरस मीटर येतं, कारण दस्तावर सातबाऱ्याचं क्षेत्र जातं, जाहिरातीतलं नाही. तो मीटर-फूट करून बघतोच. जर्मनीत राहणारा तर मीटरमध्येच विचार करतो. मग त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की एवढ्या साध्या ठिकाणी आकडा फुगवला, तर रस्त्याची रुंदी, पाण्याची हमी यांचं काय? तो सौदा एकोणीस फुटांसाठी मोडत नाही, विश्वासासाठी मोडतो. तरुण थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, “भाऊ, मग इंग्रजीतबी बदलावं लागीन.” मी म्हटलं, आधी तेच.

त्याचं म्हणणं लगेच मान्य झालं असं नाही. वरिष्ठांचा आग्रह होता की गुंठा हा शब्द ठेवाच, कारण गावाकडच्या माणसाला चौरस मीटर सांगून काही कळत नाही. हे त्यांचं बरोबर होतं. मला गुंठा काढायचा नव्हताच. मला क्रम बदलायचा होता. आधी सातबाऱ्यावरचं क्षेत्र, त्याच एककात, त्याच आकड्यांत. त्यानंतर त्याचे चौरस फूट. आणि शेवटी गुंठे, ‘सुमारे’ लावून. प्लॉटचं वाक्य मग असं झालं: “प्रत्येक प्लॉट 150 चौरस मीटरचा आहे (सातबाऱ्यावर 1 आर 50 चौ.मी.). हे 1614 चौरस फूट, म्हणजे सुमारे दीड गुंठा भरतात.” 1.48 ला सुमारे दीड म्हणण्यात काही खोटं नाही, कारण नेमका आकडा त्याच्या आधीच येऊन गेला आहे. आणि दर फक्त चौरस फुटावर लिहिला, गुंठ्यावर नाही. गुंठ्याचा दर लिहिला असता तर गुंठा 1089 फुटांचा धरायचा की 1076 फुटांचा, हा वाद व्यवहाराच्या टेबलावर उभा राहिला असता.

लेआउटच्या एकूण क्षेत्राचं वाक्यही त्याच पद्धतीने लिहिलं: 16,200 चौरस मीटर, सुमारे चार एकर. तिथे मी एक वाक्य जोडायला सांगितलं, की यात अंतर्गत रस्ते आणि खुली जागा धरलेली आहे. एकूण क्षेत्राला प्लॉटच्या मापाने भागून किती प्लॉट निघतील असा हिशेब बाहेरचा माणूस हमखास करतो, आणि उत्तर जुळलं नाही की शंका घेतो.

तिसरा आकडा, 2.20 एकर, सगळ्यात अवघड होता, आणि माझ्या मते खानदेशातल्याच काय, राज्यातल्या कोणत्याही जमिनीच्या इंग्रजी जाहिरातीत सगळ्यात धोक्याचा. आपण एकर-गुंठे लिहिताना मधे टिंब देतो. 2.20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. वहीत, दलालाच्या डायरीत, सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावर, सगळीकडे हेच चालतं आणि कोणाचा गोंधळ होत नाही. पण तेच टिंब इंग्रजी वाक्यात गेलं की ते दशांश चिन्ह होतं. ह्यूस्टनमधला मुलगा 2.20 वाचतो आणि त्याच्या डोक्यात येतात दोन एकर आणि एकराचा पाचवा हिस्सा. एकराचे चाळीस गुंठे, त्यांचा पाचवा हिस्सा आठ गुंठे. म्हणजे मुलाच्या डोक्यात दोन एकर आठ गुंठे, बापाच्या डोक्यात दोन एकर वीस गुंठे. दोघं एकच आकडा फोनवर एकमेकांना वाचून दाखवतील आणि दोघंही मान डोलावतील. मधे बारा गुंठ्यांचा फरक: 13,068 चौरस फूट.

आता यातलं कोणतं खरं, हे संदेशातून ठरवता येत नाही. काही आकड्यांवरून ठरवता येतं. टिंबानंतर 40 किंवा त्याहून मोठा आकडा असेल, उदाहरणार्थ 3.65, तर ते गुंठे असूच शकत नाहीत, कारण चाळीस गुंठे झाले की पुढचा एकर लागतो. तो दशांशच. पण टिंबानंतर 39 पर्यंतचा आकडा असेल तर दोन्ही शक्य असतात, आणि कागद पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये. शेताचा सातबारा दाखवत होता 1.01.00. एक हेक्टर एक आर, 10,100 चौरस मीटर. गुंठ्यांत 99.83. शंभर गुंठ्यांना अगदी थोडेच कमी, म्हणजे अडीच एकर. तर 2.20 हे आपलं देशी लिखाण होतं, एकर टिंब गुंठे, आणि इंग्रजी लिहिणाऱ्याने ते जसंच्या तसं उचललं होतं. मुलाने इंग्रजी वाचून विकणाऱ्याला चौरस फुटाचा दर काढून दाखवला असता, तर जमीन खरंच होती त्यापेक्षा महाग वाटली असती. विकणाऱ्याचंच नुकसान होतं यात.

मराठीत मी तो आकडा टिंबाने लिहिलाच नाही. दोन एकर वीस गुंठे, असं अक्षरात. आणि इंग्रजीसाठी सांगितलं की तिथे 2.5 लिहा. एकर-गुंठ्याचं टिंब मराठी वाचकापुढेही नको, कारण हल्लीची पोरं इथे राहूनही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 2.20 टाकून चाळीसने गुणतात.

इथवर आकड्यांचं काम होतं. पण याच ओळीत आकड्याच्या पलीकडची एक मोठी अडचण होती, आणि ती अनुवादकाच्या कामाबाहेरची आहे असं मला एक क्षणही वाटलं नाही. संदेश परदेशातल्या खरेदीदारांसाठी होता आणि त्यांना शेतजमीन देऊ केली जात होती. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या, म्हणजे फेमाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला भारतात राहण्याची किंवा व्यापारी मालमत्ता घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित, वारसा हक्काने आलेलं शेत त्याच्याकडे राहू शकतं. विकत घेणं वेगळं. शिवाय महाराष्ट्रात कुळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मुलगा शेतकऱ्याच्या घरातला आहे, त्याच्या नावाचा सातबाराही आहे, म्हणून चालेल, असा समज मी अनेकांकडून ऐकला. कुळकायद्याचा अडसर त्याने दूर होईल, फेमाचा होत नाही. या दोन वेगळ्या चाळण्या आहेत आणि परदेशात राहणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं.

आता अनुवादकाने काय करायचं? ती ओळ गुपचूप गाळायची, हा एक मार्ग. मला तो मान्य नाही. मजकूर माझा नाही, आणि गाळलेली ओळ इंग्रजीत तशीच राहिली असती, म्हणजे मुलगा एक वाचणार आणि बाप दुसरंच. तशीच अनुवादित करायची, हा दुसरा मार्ग. तोही नाही, कारण माझ्या मराठीवर विसंबून कोणीतरी बयाणा दिला असता आणि पैसे अडकले असते. मी ती ओळ अनुवादित केली, खाली ठळक अक्षरात टीप लिहिली की परदेशी खरेदीदारांच्या संदेशात ही ओळ ठेवता येणार नाही, कारण अमुक, आणि आपल्या वकिलांना विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्यांचा फोन आला. त्यांच्या वकिलानेही तेच सांगितलं होतं. शेताची ओळ परदेशी संदेशातून निघाली आणि फक्त इथल्या शेतकऱ्यांसाठीच्या मराठी पत्रकात गेली, अडीच एकर असं स्पष्ट लिहून. त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं, की प्लॉटचे पैसे बँकेमार्फतच, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून यावेत.

राहिलं फुटबॉलचं मैदान. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा अमेरिकन फुटबॉल असावा. ते मैदान दोन्ही टोकांचे पट्टे सोडून 48,000 चौरस फूट भरतं, एकरापेक्षा थोडंच मोठं. पण आपण फुटबॉल म्हणतो तो वेगळा. त्याचं आंतरराष्ट्रीय सामन्यांत वापरलं जाणारं 105 बाय 68 मीटरचं मैदान पावणेदोन एकरांचं होतं. म्हणजे तेच वाक्य मराठीत ठेवलं असतं तर एकर पाऊणपट फुगला असता. आणि खरं सांगायचं तर पारोळ्याच्या बापाला एकर समजावून सांगायची गरजच नाही. त्याने नांगरला आहे.

समजावणीची गरज होती ती उलट्या बाजूने, तिकडच्या मुलांना आणि विशेषतः तिकडेच वाढलेल्या सुनांना, नातवंडांना. त्यासाठी मी क्रिकेटचा आधार घेतला, कारण तो नुसता अंदाज नाही, मापाने जुळतो. क्रिकेटची खेळपट्टी दोन्ही स्टंपांमध्ये 22 यार्ड असते, म्हणजे 66 फूट. 66 फूट ही इंग्रजांची जुनी मोजणीची साखळी, आणि आपली 33 फुटी साखळी तिच्या निम्मी. म्हणून गुंठा समजायला खेळपट्टीच्या मधोमध उभं राहा, तिथून एका स्टंपापर्यंतचं अंतर ही गुंठ्याची एक बाजू. तेवढ्याच बाजूचा चौकोन आखला की झाला गुंठा. अगदी नेमका, 1089 फुटांचा. नाना हे ऐकून खूश झाले. त्यांनी साखळी आयुष्यभर हाताळली होती, पण खेळपट्टीशी तिचा संबंध त्यांना कोणी सांगितला नव्हता.

बिघ्याबद्दलही चर्चा झाली. विकणाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं होतं की जुनी माणसं अजून बिघ्यात बोलतात, तर तोही टाकू. मी ठाम नकार दिला. एकराचे चाळीस गुंठे सगळीकडे चाळीसच. बिघा मात्र मुलखागणिक बदलतो, आणि आपला तर गुजरातच्या सीमेवरचा प्रदेश, तिकडचा विघा वेगळा. जे माप दोन तालुक्यांत सारखं राहत नाही ते दोन खंडांत पाठवू नये. कोणी समोरासमोर बिघ्यात विचारलं तर बोलताना सांगा, लेखी नको.

मसुदा पूर्ण झाल्यावर मी तो ओळखीच्या एका आबांना वाचायला दिला. शिरपूरकडचे, कापूस आणि केळी करणारे, मुलगा दुबईला. मी काही न सांगता फक्त विचारलं, प्लॉट केवढा आहे? ते आधी दीड गुंठा म्हणाले आणि लगेच, “पण सातबाऱ्यावर दीड आर आहे, म्हणजे गुंठ्याला थोडा कमी, नाही का?” मग त्यांनी विचारलं की 1.50 मधला एक म्हणजे हेक्टर का नाही? वाक्यात कंसात लिहूनही तो प्रश्न आला, म्हणजे तेवढं पुरेसं नव्हतं. मी तिथे एक स्वतंत्र ओळ वाढवली: “ही जमीन बिनशेती असल्यामुळे सातबाऱ्यावर क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये आहे, हेक्टरमध्ये नाही.” आबांना ती दाखवल्यावर त्यांनी मान हलवली आणि थेट दरावर आले. मापावर आणखी प्रश्न आला नाही.

दुबईच्या त्यांच्या मुलाला मी इंग्रजीची सुधारलेली प्रत पाठवली आणि बापलेकांना आपापल्या प्रतीतून पाच आकडे एकमेकांना वाचून दाखवायला सांगितलं: लेआउटचं क्षेत्र, प्लॉटचं क्षेत्र मीटरमध्ये, तेच फुटांत, गुंठ्यांत, आणि दर. पाचही जुळले. एका ठिकाणी मुलाने विचारलं की इंग्रजीत स्वल्पविराम 16,200 आहे ते ठीक, पण चार एकरांचे चौरस फूट इंग्रजीत 174,240 आणि मराठीत 1,74,240 का दिसतात. ते फक्त स्वल्पविरामाचं आहे, लाखाच्या आणि हजाराच्या पद्धतीचं. आकडा एकच. तरी मी एकूण क्षेत्राचे चौरस फूट दोन्हीकडून काढून टाकले, कारण एवढा मोठा आकडा कोणाच्याच कामाचा नव्हता.

शेवटच्या प्रतीसोबत मी विकणाऱ्यांना एक पान वेगळं दिलं, जाहिरातीत न छापण्यासाठीचं. त्यात डाव्या बाजूला प्रत्येक प्लॉटचं सातबाऱ्यावरचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आणि उजवीकडे त्याला 10.764 ने गुणून आलेले चौरस फूट. कोपऱ्यावरचे दोन-तीन प्लॉट दीडशे मीटरचे नाहीत, लहान-मोठे आहेत, हे ते पान करतानाच लक्षात आलं. म्हणून मजकुरातल्या “प्रत्येक प्लॉट” या शब्दांच्या जागी दोन्ही भाषांत “कोपऱ्याचे प्लॉट सोडून बाकीचे प्लॉट” असं गेलं, आणि कोपऱ्याच्या प्लॉटचं माप विचारणाऱ्याला त्या त्या प्लॉटच्या सातबाऱ्याची प्रतच पाठवायची असं ठरलं.